बचत खात्याचं व्याज करपात्र का? पुतण्याला पत्र

"काका, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर हे फिरतंय: 'सेव्हिंग अकाउंटच्या व्याजावर टॅक्स नसतो. पगारावर टॅक्स भरूनच तो पैसा बँकेत गेलेला असतो, परत घेतला तर तो डबल टॅक्स. म्हणूनच बँक टीडीएस कापत नाही. आणि १०,००० पर्यंतचं व्याज तर रिटर्नमध्ये दाखवायचीही गरज नाही.' माझा पगार १२ लाख ७५ हजार, म्हणजे तसाही टॅक्स शून्य. २०२५-२६ मध्ये खात्यात साधारण ६ लाख पडून होते, त्याचं १८,००० व्याज आलं. ते सोडून दिलं तर चालेल ना?"

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद. नाही, चालणार नाही. तुझ्या बाबतीत तर मुळीच नाही, आणि त्याचं कारण तुझ्या पगाराच्या आकड्यातच आहे. त्याकडे येतोच, पण आधी दुहेरी कराचं बोलू, कारण तो मुद्दा ऐकायला अगदी न्याय्य वाटतो.

तुझे ६ लाख हे पगारातून कर भरून उरलेले पैसे आहेत, हे खरं. म्हणूनच त्या ६ लाखांवर आयकर खातं आज एक रुपयाही मागत नाही. ते आणखी दहा वर्षं खात्यात पडून राहिले तरी मागणार नाही. कर मागितला जातोय तो १८,००० वर, आणि ते तुझ्या पगारात कधीच नव्हते. ते बँकेने तुला दिले, तुझे पैसे वापरायला मिळाले म्हणून. पगारातल्या बचतीतून घर घेऊन ते भाड्याने दिलंस, तर घराच्या किमतीवर पुन्हा आयकर लागत नाही, पण दरमहा येणाऱ्या भाड्यावर लागतो. व्याज हे पैशाचं भाडंच आहे.

आता दुसरी बाजू बघ, कारण या १८,००० वर आधी कुणी कर भरलाय का, हा प्रश्न तिथे सुटतो. बँक तुझे पैसे कर्जदारांना देते आणि त्यांच्याकडून जास्त दराने व्याज घेते. ते व्याज बँकेचं उत्पन्न. त्यातून ठेवीदारांना दिलेलं व्याज ती खर्च म्हणून वजा करते आणि उरलेल्या नफ्यावर कर भरते. म्हणजे तुला दिलेले १८,००० बँकेच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला गेले. त्यावर तिने कर भरलेला नाही. तूही भरला नाहीस, तर ती रक्कम कुणाच्याच हातात करपात्र ठरत नाही. जिथे खरोखर आधी कर भरलेला असतो, तिथे कायदा सूट देतो. भागीदारी फर्म स्वतः कर भरते, म्हणून तिच्या नफ्यातला वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. बचत खात्याचं तसं नाही.

कायद्याची मांडणीही तशीच आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ५६ व्या कलमानुसार, जे उत्पन्न स्पष्टपणे वगळलेलं नाही आणि पगार, घरभाडं, धंदा किंवा भांडवली नफा यांत बसत नाही, ते सगळं 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून करपात्र असतं. बँकेचं व्याज तिथे मोडतं. करमुक्त व्याज वेगळं नमूद केलेलं असतं: पीपीएफचं, सुकन्या समृद्धीचं, किंवा पोस्टाच्या बचत खात्यावरचं वैयक्तिक खात्याला ३,५०० पर्यंतचं. बँकेच्या साध्या बचत खात्याचं नाव त्या यादीत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण बचत खात्याचं व्याज करपात्रच आहे.

एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. बचत खात्यावर जेमतेम अडीच-तीन टक्के मिळतात आणि महागाई अनेकदा त्याहून जास्त असते. मग खरं तर पैशाची किंमत घटलेली असताना त्या व्याजावर कर का? हा प्रश्न सरकारला जरूर विचारावा, मी स्वतः विचारत आलोय. पण कायदा खात्यात जमा झालेले रुपये मोजतो, त्यातून महागाई वजा करत नाही. तक्रार रास्त आहे म्हणून रिटर्नमधला रकाना रिकामा ठेवता येत नाही.

टीडीएसचं थोडक्यात सांगतो. टीडीएस ही कर वसुलीची एक पद्धत आहे. कर किती लागतो, हे त्यावरून ठरत नाही. बचत खात्याचं व्याज टीडीएसच्या तरतुदीतून वगळलंय, कारण कोट्यवधी खात्यांवर शे-दोनशे रुपये जमा होतात आणि त्या प्रत्येकातून कापत बसणं व्यवहार्य नाही. एफडी-आरडीवर टीडीएस आहे, पण तुझ्या वयाच्या माणसाला एका बँकेकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्याज मिळालं तरच, आणि तोही १० टक्के. दोन बँकांत ४५-४५ हजारांचं व्याज आलं तर टीडीएस शून्य कापला जाईल आणि ९०,००० चं उत्पन्न मात्र तुझं असेल. बँकेने कापलं नाही याचा अर्थ इतकाच, की हिशेब तुझा तू करायचा.

१०,००० च्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, म्हणून ती जास्त पसरते. कलम ८० टीटीए खाली बचत खात्याच्या व्याजावर वर्षाला १०,००० पर्यंत वजावट मिळते. पण ही वजावट आहे. म्हणजे आधी पूर्ण व्याज उत्पन्नात दाखवायचं आणि मग वजावटीच्या रकान्यात कमी करायचं. मर्यादा सगळ्या खात्यांना मिळून एकच आहे आणि एफडीचं व्याज त्यात धरत नाहीत. शिवाय ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून आपणहून जुनी निवडली नाही तर नवीच लागू होते, आणि तू नवीतच आहेस. तुला त्या १०,००० चा काही उपयोग नाही. आम्हा ज्येष्ठांना ८० टीटीबी खाली ५०,००० पर्यंतची वजावट आहे, एफडी धरून, पण तीही जुन्या प्रणालीतच. जुन्या प्रणालीचा नियम आणि तुझा नियम एकाच मेसेजमध्ये कालवले गेले आहेत.

आता तुझा हिशेब. हा सावकाश वाच.

पगार १२,७५,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन राहिले बरोबर १२,००,०००. यावर स्लॅबप्रमाणे कर होतो ६०,०००: चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी २०,००० आणि आठ ते बारा लाखांवर दहा टक्क्यांनी ४०,०००. तुला तो शून्य दिसतो, कारण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए ची रिबेट हा सगळा ६०,००० चा कर माफ करते. पण ती बघते एकूण उत्पन्न. पगार मोजून ती थांबत नाही. तू अगदी कड्यावर उभा आहेस.

त्यात १८,००० व्याज मिळव. एकूण उत्पन्न १२,१८,०००. स्लॅबप्रमाणे कर ६२,७००, आणि आता १२ लाखांची रेषा ओलांडल्यामुळे पूर्ण रिबेट नाही. अठरा हजारांपायी बासष्ट हजार भरावे लागू नयेत, म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, कर त्याहून जास्त नसावा. म्हणून कर १८,०००. त्यावर चार टक्के सेस ७२०. एकूण १८,७२०.

म्हणजे पूर्ण वर्षाचं व्याज गेलं आणि वर ७२० रुपये खिशातून. हे वाचून तुला वाईट वाटेल, मलाही हिशेब करताना वाटलं. पगार ५०,००० ने कमी असता तर हेच १८,००० उत्पन्नात मिळवूनही कर शून्यच राहिला असता. आणि पगार १५ लाख असता, तर तू पंधरा टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतास आणि सेस धरून साधारण २,८०० वर भागलं असतं. रिबेटच्या रेषेजवळच्या पगारदारांनाच व्याज इतकं महाग पडतं, आणि नेमके तेच 'आपला कर शून्य' म्हणून व्याजाकडे बघत नाहीत.

'कुणाला कळणार' असं मनात आणू नकोस. बँका, सहकारी बँका आणि पोस्ट आयकर खात्याला व्याजाची माहिती पाठवतात आणि ती तुझ्या पॅनखाली एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात दिसते. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून ते उघड; व्याजाच्या नोंदी बँकेच्या नावासह दिसतील. त्या पासबुकाशी ताडून पाहा. बहुतेक बँका दर तिमाहीला व्याज जमा करतात, म्हणून वर्षात चार नोंदी शोध. कॉलेजच्या वेळचं जुनं खातं विसरू नकोस, त्यात थोडेफार पैसे असतील तर त्याचंही व्याज येत असणार. एआयएसमध्ये एखादी नोंद चुकीची असेल तर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो. पासबुकात आहे पण एआयएसमध्ये नाही, असं व्याज सापडलं तर तेही धरायचं.

रिटर्नमध्ये ही रक्कम 'इतर स्रोत' या भागात, बचत खात्याचं व्याज म्हणून भरायची. ऑफिसने तुझा टीडीएस शून्य धरलाय, तेव्हा १८,७२० रिटर्न भरण्याआधी स्वनिर्धारण कर म्हणून तुलाच भरावे लागतील. देय कर १०,००० च्या वर गेला की खरं तर तो वर्षभरातच आगाऊ भरायचा असतो. तो राहिल्यामुळे एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज चढतंय आणि आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं थोडं वेगळं. म्हणून मुदतीची वाट न पाहता लवकर भर.

गेल्या वर्षाचं आता काही बदलता येत नाही. चालू वर्षासाठी दोन गोष्टी कर. अंदाजे व्याज ऑफिसला लेखी कळव, म्हणजे ते पगारातूनच थोडा थोडा कर कापतील आणि आगाऊ कराचं झंझट उरणार नाही. आणि कंपनी एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, स्वतःचा वाटा भरायला तयार आहे का, हे विचार. कंपनीच्या वाट्याची वजावट, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही मिळते. पगाराच्या रचनेतून तेवढी रक्कम तिकडे वळली तर एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहू शकतं आणि रिबेट शाबूत राहते. मात्र एनपीएसमधले पैसे बरीच वर्षं अडकतात, तेव्हा आईबाबांशी बोलून ठरव.

एआयएस उघडलंस की व्याजाच्या पानाचा फोटो मला पाठव. बचत खात्याची आणि एफडीची नोंद वेगवेगळी दिसते, ती नीट वेगळी धरली आहेस का तेवढं बघतो.

तुझा,
काका