परत न आलेले रक्त हृदय फेकते कुठून? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «डॉक्टरसाहेब, सेप्टिक शॉकमध्ये शिरा सैल पडून हृदयाकडे परतणारे रक्त घटते असे तुम्ही लिहिता आणि पुढच्याच परिच्छेदात हृदय नेहमीपेक्षा जास्त रक्त फेकते असेही लिहिता. जे परत आलेच नाही ते हृदय फेकणार कुठून? एवढे साधे न समजणाऱ्याने लोकांना शिकवू नये. अ‍ॅनाफिलॅक्सिस आणि मज्जारज्जूची इजा तर नावापुरतीच आली आहे. शेवटी सगळ्यांना सलाइनच लावतात, मग चार प्रकारांचा हा पसारा कशाला? आणि तुमचा तक्ता मोबाइलवर वाचताही येत नाही.»

सप्रेम नमस्कार.

तक्त्याबद्दलची आपली तक्रार रास्त आहे. सहा रकाने मोबाइलच्या पडद्यावर मावत नाहीत, म्हणून मी तो आता दोन भागांत केला आहे. आपले उरलेले पत्र मात्र ज्या स्वरात लिहिले आहे, तो स्वर मला इंदूरच्या वाचकाकडून अपेक्षित नव्हता. माझे अर्धे आयुष्य याच शहरातल्या अतिदक्षता विभागांत भूल आणि शॉक यांच्याच संगतीत गेले. कोणी शिकवावे आणि कोणी शिकवू नये याचा निवाडा दोन ओळींत उरकण्याआधी आपण माझा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला असता, तर त्यातले «सलाइन दिल्यानंतर» हे दोन शब्द आपल्या नजरेतून सुटले नसते. सगळा विरोधाभास त्या दोन शब्दांत विरघळतो. पण ते आपण ओलांडून गेला आहात, तेव्हा सविस्तर लिहितो.

हृदय परत आलेल्या रक्तापेक्षा जास्त रक्त फेकू शकत नाही, हे आपले विधान अचूक आहे आणि मीही त्याविरुद्ध काही लिहिलेले नाही. काही ठोक्यांपुरता फरक सोडला, तर हृदय मिनिटाला फेकते ते आणि त्याच्याकडे परतते ते रक्त, म्हणजे कार्डिअ‍ॅक आउटपुट आणि व्हीनस रिटर्न हे दोन्ही आकडे सारखेच असतात. प्रश्न असा आहे की परतणारे रक्त कशाच्या जोरावर परतते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी १९५५ मध्ये याचा जो हिशेब मांडला, तोच आजही आम्ही वापरतो. हृदय क्षणभर थांबवले आणि सगळ्या रक्तवाहिन्यांतला दाब एकसारखा होऊ दिला, तर तो सुमारे ७ मिलिमीटर पारा इतका भरतो. याला आपण भरणदाब म्हणू. भरणदाब आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब यांच्यातला फरक रक्ताला हृदयाकडे ढकलतो आणि शिरांच्या वाटेवरचा विरोध त्याला अडवतो. भरणदाब ७, उजव्या कप्प्याचा दाब ० आणि परतीचा विरोध १.४ धरला, तर मिनिटाला ५ लिटर रक्त परतते. निरोगी माणसाचे आउटपुट साधारण एवढेच असते.

आता सेप्टिक शॉकचा, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेला रुग्ण घ्या, ज्याला अजून काहीही दिलेले नाही. पुढचे आकडे मी हिशेबासाठी निवडले आहेत, पण ते खाटेवर दिसणाऱ्या आकड्यांपासून दूर नाहीत. शिरा सैल पडल्याने त्यांच्यात जास्त रक्त नुसते साठून राहते आणि दाब निर्माण करत नाही. शिवाय केशवाहिन्या गळू लागल्याने रक्तातला द्रव ऊतींत उतरतो. भरणदाब ५ वर येतो. उजव्या कप्प्याचा दाब १ उरतो. वाहिन्या रुंद झाल्याने परतीचा विरोधही घटून १ होतो, तरी परतणारे रक्त ४ लिटरच राहते. म्हणजे या टप्प्यावर आपले म्हणणे खरे आहे आणि माझा पहिला परिच्छेद नेमका याच टप्प्याचा होता.

यानंतर सलाइन दिले जाते. प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तीन तासांत किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दोन लिटरांच्या आसपास. सैल पडलेल्या शिरा पुन्हा ताणल्या जातात, भरणदाब १० होतो, उजव्या कप्प्याचा दाब ४ वर स्थिरावतो आणि परतीचा विरोध ०.७५ इतका कमी असतो. दहातून चार वजा करून पाऊणने भागले की ८ लिटर येतात. रक्त कुठून आले? बाटलीतल्या द्रवाने भरणदाब उभा केला आणि उघड्या पडलेल्या वाहिन्यांनी परतीची वाट मोकळी ठेवली. समोरच्या धमन्यांचा विरोध कोसळलेला असल्याने हृदयालाही रिकामे होणे सोपे जाते. स्वान आणि गॅन्झ यांचा फुप्फुस-धमनीत जाणारा कॅथेटर १९७० मध्ये आला आणि खाटेपाशी आउटपुट मोजता येऊ लागले. सेप्टिक शॉकमधल्या वाढलेल्या आउटपुटचे चित्र त्यानंतर स्पष्ट होत गेले, आणि ते प्रामुख्याने द्रव मिळालेल्या रुग्णांचे होते.

आउटपुट ८ लिटर असले म्हणजे हृदय धडधाकट आहे, असाही अर्थ काढू नये. पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की अशा रुग्णांत डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त फेकणाऱ्या कप्प्याची, आकुंचनाची ताकद घटलेली असू शकते. ती जवनिका फुगून जास्त रक्त सामावते आणि म्हणून एकूण आकडा टिकतो. वाचलेल्या रुग्णांत ही ताकद सात ते दहा दिवसांत परत येते.

आपण विचारलेले नाही, पण आपल्या वाक्याच्या पोटात जो प्रश्न आहे, तो असा: ८ लिटर वाहत असताना माणूस मरणाच्या दारात का असतो? आपल्याकडे नर्मदेचे पाणी येते तेव्हा गल्लीतल्या खालच्या घरांनी सगळे नळ सोडून ठेवले, तर पाणी भरपूर वाहते आणि दुसऱ्या मजल्यावरची टाकी मात्र कोरडीच राहते. मूत्रपिंडाला वाहत्या लिटरांइतकीच दाबाचीही गरज असते, आणि सरासरी दाब ६५ च्या खाली गेला की स्वतःचा प्रवाह सांभाळण्याची त्याची सोय अपुरी पडू लागते. सूक्ष्म वाहिन्यांत तर काही वाटा बंद आणि काही वाटा सताड उघड्या अशी स्थिती असते. म्हणून मोठ्या शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन भरपूर उरलेला सापडतो आणि त्याच वेळी लॅक्टेट चढत असते, म्हणजे ऊतींना तो ऑक्सिजन मिळालेला किंवा वापरता आलेला नसतो.

आता आपल्या सलाइनबद्दलच्या शेऱ्याकडे वळतो. मला राग आला तो त्या शेऱ्याचा. दोन रुग्ण शेजारी ठेवा, दोघांचाही सरासरी दाब ५८. सेप्टिक रुग्णाचा रक्तदाब ९० आणि ४२, हात गरम, नाडी उसळती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कार्डिओजेनिक शॉकमध्ये गेलेल्याचा रक्तदाब ७० आणि ५२, नाडी दोऱ्यासारखी. पहिल्यात उजव्या कप्प्याचा दाब ४ आणि आउटपुट ८. दुसऱ्यात १४ आणि २.२. सरासरी दाबातून उजव्या कप्प्याचा दाब वजा करून आउटपुटने भागायचे आणि ८० ने गुणायचे, की रक्तवाहिन्यांचा विरोध निघतो: पहिल्यात ५४०, दुसऱ्यात १६००. दोघांचा सरासरी दाब एकच, पण विरोधात तिपटीचा फरक. कार्डिओजेनिकमध्ये विरोध दर वेळी एवढा चढलेला असतोच असे नाही, दाह वाढला की तो उतरतोही. पण सुरुवातीचे चित्र बहुधा असेच असते. इथे परतणारे रक्त घटते ते भरणदाब पडल्यामुळे नव्हे, तर पुढे न सरकलेले रक्त उजव्या कप्प्याचा दाब वाढवून दारातच अडथळा करते म्हणून.

महूकडून एकदा रात्री आमच्याकडे एक शेतकरी आला होता. तिथल्या कुठल्याशा दवाखान्यात «प्रेशर कमी आहे» एवढ्यावरून त्याला सलाइनच्या बाटल्या चढवल्या होत्या. हात गार आणि घामाने चिकट, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटलेली, मानेच्या शिरा बसलेल्या अवस्थेतही तट्ट फुगलेल्या, आणि तोंडाशी गुलाबी फेस. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडले, तर तीन सेकंदांत रंग परतायला हवा. त्याचे बोट कितीतरी वेळ पांढरेच राहिले. त्याचे फुप्फुस त्या बाटल्यांनी भरले होते. तो का दगावला, हे त्याच्या मुलाला मला समजावून सांगावे लागले. त्यामुळे «सगळ्यांना सलाइनच लावतात» हे वाक्य मला गमतीचे वाटत नाही. उजव्या जवनिकेच्या झटक्यात बेताने द्रव द्यावा लागतो, हे मला ठाऊक आहे. तोही पाहून, थोडा थोडा देतात, सरसकट नव्हे.

उरलेले दोन प्रकार नावापुरते आले, कारण त्या लेखाचा विषय संसर्ग हा होता. तरी आपल्या समाधानासाठी एवढे लिहितो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्यात विरोध कोसळतो, पण जीव बहुधा परतणाऱ्या रक्ताअभावी जातो. दहा मिनिटांत रक्ताच्या आकारमानाच्या ३५ टक्क्यांपर्यंत द्रव वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाला एकदम उठवून बसवू नये, उभे तर मुळीच करू नये. श्वास लागत नसेल तर पाय उंच करून आडवे ठेवावे आणि प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन लगेच द्यावे. सलाइन त्याच्या मागोमाग येते, त्याच्या जागी नव्हे.

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूच्या इजेत वाहिन्यांना आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक चेता तुटतात, त्यामुळे धमन्यांचा विरोध आणि शिरांचा ताण दोन्ही जातात. हृदयाला वेग देणाऱ्या चेताही तिथूनच निघतात, म्हणून दाब पडूनही नाडी पन्नासच्या आसपास रेंगाळते आणि आउटपुट भरपाई करत नाही. कातडी गरम असली तरी कोरडी असते. अपघातात रक्तस्राव झालेला नाही याची खात्री होईपर्यंत मात्र हे निदान करू नये, कारण रक्तस्रावाचा रुग्ण याच नावाखाली हातचा जातो.

यापुढे आक्षेप जरूर घ्यावा, उत्तर देईन. फक्त आपण धरलेले आकडे सलाइनपूर्वीचे आहेत की नंतरचे, तेवढे सोबत लिहावे आणि मी काय शिकवावे हा भाग वगळावा.