पितरांच्या तिथ्यांची यादी आणि 1918 ची मानमोडी

जून उजाडला की टी.वाय.ची पोरं प्रकल्पाचे विषय घेऊन केबिनबाहेर उभी राहतात. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे विषय मला पाठ आहेत. "लोकमान्य टिळकांचे राष्ट्रकार्य". "शिवकालीन प्रशासन". "सत्यशोधक चळवळ : एक अभ्यास". हे "एक अभ्यास" वाचलं की मला पुढची चाळीस पानं न उघडता दिसतात. तीन पुस्तकं, त्यांतले उतारे, शेवटी महापुरुषाचा फोटो. चूक पोरांची नाही. आम्हीच त्यांना असे विषय देतो, की त्यात शोधायला काही उरलेलंच नसतं.

म्हणून आता मी सरळ सांगतो, घरी जा, माळ्यावरची ट्रंक काढा, जे कागद निघतील ते घेऊन या. विषय नंतर ठरवू. (ट्रंक काढायला घरातले घाबरतात, हेही सांगून ठेवतो. कागद म्हटलं की प्रत्येकाला सातबारा आणि चुलत्याचा दावा आठवतो. पहिले पंधरा दिवस "हे जमिनीसाठी नाही" एवढं पटवण्यातच जातात.)

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं आणलेल्या ऐवजात काही पोस्टकार्डं होती, एक अर्धवट रोजकीर्द होती, आणि पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिच्या पणजोबांच्या हातची श्राद्धतिथ्यांची यादी. बहुतेक ठिकाणी नातं आणि पुढे तिथी, काही ठिकाणी नुसती तिथी. सोळा नोंदी. ती म्हणाली, "सर, हे काही उपयोगाचं नाही ना? साल कुठंच नाही."

साल नसतंच. श्राद्ध दरवर्षी त्याच तिथीला येतं, मग साल लिहायचं कशाला? पण मी यादी वाचत गेलो आणि अडखळलो. सोळापैकी सहा नोंदी भाद्रपद वद्य नवमी ते आश्विन वद्य द्वितीया एवढ्या पट्ट्यात होत्या. मृत्यू वर्षभर सारखे विखुरलेले असतील, तर जेमतेम चोवीस दिवसांच्या पट्ट्यात सोळापैकी एखादी नोंद पडावी. इथं सहा. तेव्हा माझ्याही तोंडून पटकन निघालं, मानमोडी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर इन्फ्ल्युएंझा दिसला. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती जीवघेणी, आणि त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. मुंबई शहरातला सगळ्यात वाईट दिवस 6 ऑक्टोबर, त्या एका दिवसात 768 मृत्यू. खेड्यापाड्यात या साथीला मानमोडी म्हणत.

आता तिथीवरून तारीख कशी काढायची? शक 1840 मध्ये 78 मिळवले की 1918. मात्र पौषाच्या आसपास इंग्रजी साल बदलतं, तिथून पुढच्या महिन्यांना 79 मिळवायचे. पोरं हमखास इथंच चुकतात, आणि शके 1840 चा माघ फेब्रुवारी 1918 मध्ये नेऊन ठेवतात, म्हणजे साथीच्या आधी. महिन्यातला दिवस काढायला जुनी जंत्री, म्हणजे तिथी आणि तारखा जुळवून देणारं पुस्तक, हवी. पण 1918 साठी मी एक खुंटी देतो, ती कुणी विसरत नाही. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो दसऱ्याचा दिवस, 15 ऑक्टोबर 1918. म्हणजे आश्विन शुद्ध दशमी तिथं ठोकलेली. मागे मोजलं की घटस्थापना येते 6 ऑक्टोबरला. हो, मुंबईतला तोच दिवस. क्षय-वृद्धीमुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तो मान्य करून पुढं जायचं.

त्या हिशेबानं सहाही नोंदी 28 सप्टेंबर ते 21 ऑक्टोबर या काळात नीट बसत होत्या. विद्यार्थिनी खूश, मी खूश. प्रकल्प तिथंच संपवला असता तर बरे मार्क पडले असते आणि निष्कर्ष साफ चुकला असता.

आमच्या विभागातल्या एका बाईंनी यादी बघितली आणि म्हणाल्या, "अहो, भाद्रपद वद्य नवमी दोनदा आलीय. ती अविधवा नवमी नाही का?" मी कपाळावर हात मारला. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचं श्राद्ध पितृपक्षात नवमीला करतात, मग ती बाई चैत्रात गेलेली असो की पौषात. म्हणजे या दोन नोंदींतली तिथी मृत्यूची असेलच असं नाही. भाद्रपद अमावास्येच्या नोंदीचंही तेच. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्रीला करतात. सहातल्या तीन नोंदी अशा एका वाक्यात बाद झाल्या. साथीच्या काळातच पितृपक्ष आला होता, म्हणून ही फसगत.

उरल्या तीन. आश्विन शुद्ध 4, शुद्ध 11 आणि वद्य 2.

शुद्ध 11 चे होते "थोरले काका". इथं पोस्टकार्डं कामाला आली. एका कार्डात खाली "सौ. थोरल्या काकूंस सा. न." असं लिहिलेलं. काकू "सौ." आहेत म्हणजे काका जिवंत आहेत, नाहीतर "गं. भा." आलं असतं. आपल्या पत्रांत मायन्याची ही दोन अक्षरं म्हणजे अर्धा मृत्युदाखला असतो. पण कार्ड कधीचं? पोस्टाचा शिक्का पुसट, महिना कळत नव्हता, सालाचा फक्त शेवटचा आकडा, 3. पण कार्ड अर्ध्या आण्याचं होतं. 1922 पर्यंत कार्ड एका पैशाला, म्हणजे पाव आण्याला मिळायचं, त्या वर्षी ते अर्धा आणा झालं. तेव्हा हे कार्ड 1913 चं असूच शकत नाही, 1923 किंवा त्याही नंतरचं. थोरले काका मानमोडीतून वाचले होते.

तुम्ही म्हणाल, पत्रं होती तर साथीचं सरळ वर्णन मिळालं असेल. नाही मिळालं. मृत्यूची बातमी आणणारं पत्र वाचून झालं की फाडून टाकायची आपल्याकडे रीत होती, ते घरात ठेवत नसत. त्यामुळे ट्रंकेत उरतात ती "येथील क्षेम" वाली पत्रं. 1918 च्या श्रावणापर्यंत महिन्याला एखादं कार्ड, मग पौषापर्यंत काहीच नाही. त्या खिंडाराचा अर्थ मृत्यू असाच लावावा असं नाही, टपाल चुकलं असेल, उंदरांनी खाल्लं असेल. पण खिंडार किती महिन्यांचं आहे हे नोंदवून ठेवायचं.

वर्तमानपत्राचं म्हणाल तर तिनं 'केसरी'चे जून ते डिसेंबर 1918 चे अंक पाहिले. तेव्हा तो आठवड्याला, मंगळवारी निघायचा, म्हणजे तीसेक अंक. एका मुलीला दिवाळीच्या सुट्टीत जमण्यासारखं काम आहे. मी तिला अग्रलेख वाचू नकोस म्हणालो. त्या काळात महायुद्ध संपत आलेलं, टिळक चिरोल खटल्यासाठी विलायतेला निघालेले, अग्रलेखात तेच असणार. बारीक टायपातली गावोगावची पत्रं बघ, औषधांच्या जाहिराती बघ, धान्याचे भाव बघ. शिवाय एकच शब्द धरून चालत नाही. कुठं इन्फ्ल्युएंझा, कुठं नुसती "तापाची साथ". आणि वर्तमानपत्रात आपल्या गावाचं नाव नाही म्हणून गावात साथ नव्हती, असं लिहिलं तर मी पान परत करतो. बातमी जिथं बातमीदार होता तिथून आली, बाकी गावं मुकी.

सरकारी दुभाष्यांनी केलेले देशी वर्तमानपत्रांचे इंग्रजी साप्ताहिक गोषवारे वापरायचा मोह पोरांना होतो, कारण ते इंग्रजीत आणि छापील आहेत. पण ते सरकारनं राजकारणावर नजर ठेवण्यासाठी करवून घेतलेले. तापाच्या औषधाची जाहिरात त्यात कोण घेणार?

शेवटी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जाऊन कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना 14, गावच्या जन्ममृत्यूची नोंद, बहुतेक मोडीत. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला सोन्याचा भाव आलाय. सगळे जातीचा रकाना बघतात, आम्ही मृत्यूचं कारण बघायला गेलो होतो. त्या रकान्यात ओळीनं "ताप, ताप, ताप". तेव्हा इलाखाभर हीच पद्धत, जवळजवळ कुठलाही आजार तापात जमा. त्यामुळे कारणावरून काही सिद्ध होत नाही. मोजायची ती संख्या. त्या गावात एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू दिसायचे, ऑक्टोबर 1918 मध्ये एकतीस होते. तेही ज्यांची नोंद झाली तेवढेच, कारण नोंद करणाराही त्याच तापानं अंथरुणाला खिळलेला असू शकतो.

आश्विन शुद्ध 4 ची नोंद तिथं सापडली, 9 ऑक्टोबर. पणजोबांचा धाकटा भाऊ, वय 19. वद्य 2 चं पान वाळवीनं खाल्लेलं, म्हणून त्या नोंदीपुढे तिनं "संभाव्य" लिहिलं. पण शुद्ध 4 च्या खाली दोन ओळींवर त्याच घरातले आणखी दोन मृत्यू होते. तीन वर्षांचा मुलगा, आणि एक बाई, वय 22, पुढे नवऱ्याचं नाव. ते नाव पणजोबांचं.

पोरगी बराच वेळ गप्प बसली. तिच्या माहितीतली पणजी 1950 नंतर गेलेली. म्हणजे ही पहिली बायको, जिच्याविषयी घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मूल यादीत नव्हतं, कारण एवढ्या लहान मुलाचं श्राद्ध करत नाहीत. आणि ती स्वतः यादीत होती, आपण बाद केलेल्या दोन नवमींपैकी बहुधा एक. नोंद साथीतलीच निघाली, पण तिथीमुळे नाही. तिथीवरून ती साथीतली आहे असं म्हणालो होतो तेव्हा आमचं उत्तर बरोबर आणि कारण चूक होतं.

हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या आणि त्यातही तरुण वयाच्या, हे आकडेवारीवरून ठाऊक आहे. पण घरच्या यादीवर विसंबलं असतं तर आमच्या हाती फक्त पुरुष लागले असते. हीच ओळ प्रकल्पातली सगळ्यात चांगली ओळ ठरली. तिनं ती तळटीपेत टाकली होती, मी वर घ्यायला लावली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, एका घरावरून तालुक्याचा निष्कर्ष कसा काढता? ती म्हणाली, काढलेलाच नाही. त्यांनी मग तक्त्यावर बोट ठेवलं, "इथं बाईच्या नावाचा रकाना कोरा का?" कोतवाल बुकात "अमक्याची बायको" एवढंच होतं, यादीत तर तेही नाही. माहेरच्या गावाचं कोतवाल बुक बघावं तर माहेर कुठलं हेही माहीत नाही.

यंदा एका मुस्लिम विद्यार्थ्याला हाच काळ करायचाय. त्याच्या घरी श्राद्धतिथ्या असणार नाहीत, म्हणून तो कब्रस्तानातले दगड आणि घरच्या निकाहनाम्यांपासून सुरुवात करतोय. हिजरी तारखा जुळवायला मला स्वतःलाच शिकायला लागणार आहे. कुणाकडे 1918-19 ची छापील जंत्री असेल तर कळवा. झेरॉक्सचा खर्च माझा.