नाव दिसणार नाही म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

माझी भाची अकरावीत आहे. गंगापूर रोडवरच्या एका क्लासला जाते. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण तिला तिथेच दोन वर्षं काढायची आहेत. क्लासच्या सरांनी इन्स्टाग्राम स्टोरीवर पोल टाकला: ‘फिजिक्स समजतंय का? हो / नाही.’ पोरीने ‘नाही’ दाबलं. लगेच टक्केवारी दिसली, ‘नाही’वाले बरेच होते. तिला बरं वाटलं, आपण एकट्याच नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात ‘नाही’वाल्यांची नावं वाचून एकेकाला उभं केलं.

पोरं हबकली. सरांना कळलं कसं?

अहो, कळणारच. मत देणाऱ्याला फक्त टक्के दिसतात. ज्याने स्टोरी टाकली त्याने ती उघडून बोट वर सरकवलं की कोणी काय निवडलं ते नावानिशी समोर येतं. ज्यांनी स्टोरी पाहिली पण उत्तर दिलं नाही, तेही बघणाऱ्यांच्या यादीत असतात. क्विझचं तसंच. ती इमोजी सरकवायची पट्टी असते ना, तिचंही तसंच: आपल्याला सगळ्यांची सरासरी दिसते, त्यांना प्रत्येकाने कुठवर सरकवलं ते दिसतं. स्टोरी चोवीस तासांनी जाते, पण त्या यादीचा स्क्रीनशॉट कुठे जातो?

पोलचं एक वेळ सोडते. मला खरा राग आलाय तो प्रश्नाच्या चौकटीचा. त्याच सरांनी आधीच्या आठवड्यात ‘काय बदलायला हवं? मोकळेपणाने लिहा, नाव दिसणार नाही’ असं टाकलं होतं. भाचीने लिहिलं, ‘न्यूमेरिकल्स खूप घाईत होतात, एखादं फळ्यावर पूर्ण सोडवा.’ यात उद्धट काय आहे, सांगा मला! सरांनी ते उत्तर पुढच्या स्टोरीत लावलं. वर नाव नाही, फोटो नाही. वर्गातल्या सगळ्या पोरांची खात्री पटली की नाव खरंच जात नाही. म्हणूनच पुढच्या पोलला ती बिनधास्त ‘नाही’ दाबून मोकळी झाली.

इथेच फसगत आहे. उत्तर पुन्हा स्टोरीत लावलं की इन्स्टाग्राम लिहिणाऱ्याचं नाव बाकीच्यांपासून झाकतं. सरांपासून नाही. त्यांच्याकडे उत्तर येतं तेच नावासकट, आणि त्याच उत्तरावरून थेट त्या मुलीला मेसेज करायची सोय असते. म्हणजे ‘नाव दिसणार नाही’ हे वर्गापुरतं खरं, आणि ज्याची भीती असते त्याच्यापुरतं खोटं.

कोणी म्हणेल, कंपनीच्या मदतीच्या पानावर हे असतं, आणि उत्तर द्यायची जबरदस्ती नव्हती. बरं, मान्य. पण सोळा वर्षांची मुलगी मदतीचं पान वाचून पोल दाबते का?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीचा पोल येतो. तिथे ‘View votes’ दाबलं की कोणी कशाला मत दिलं ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. भांडणं होतात, पण सगळे उजेडात असतात. मला ते परवडतं. एकाला सगळ्यांची नावं आणि बाकीच्यांना नुसते टक्के, हे नाही परवडत. टेलिग्रामवर पोल बनवताना ‘Anonymous Voting’ चालू ठेवता येतं, मग बनवणाऱ्यालाही नावं दिसत नाहीत. एक्सच्या पोलमध्येही पोल टाकणाऱ्याला कोणाचं मत कुठे गेलं ते कळत नाही. म्हणजे जमतं हे, करता येतं!

सर वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. शिकवतात तळमळीने, भाचीच सांगते. कदाचित गंमत म्हणूनच नावं वाचली असतील. पण ती काल रात्री जेवताना म्हणाली, ‘मावशी, आता मी सगळीकडे ‘हो’च दाबणार.’ मला घास गिळवेना. ज्या पोरीला न्यूमेरिकल समजलेलं नाही, ती उद्या ‘समजलं’ म्हणणार. सरांना तरी त्यातून काय कळणार?

तर शनिवारी मी आणि ताई क्लासला जाणार आहोत. भांडायला नाही. सांगायला, की खरंच मत हवं असेल तर गूगल फॉर्म करा आणि त्यात ईमेल गोळा करायचं बंद ठेवा. ‘एकाने एकदाच भरायचा’ हे चालू ठेवलं तर मुलांना लॉगिन करावं लागेल, पण तेवढ्याने ईमेल सरांकडे जात नाही. फॉर्मवर खात्याच्या नावाजवळ ‘Not shared’ लिहिलेलं असतं, ते मुलांना दाखवा. आणि लिंक एकेकाला समोर बसवून भरायला देऊ नका, कारण प्रत्येक उत्तराची वेळ शीटमध्ये नोंदली जाते, त्यावरून माणूस ओळखता येतो. एवढी यातायात नको असेल तर दाराशी खोका ठेवा, चिठ्ठ्या टाकू द्या.

ज्यांची पोरं अकरावी-बारावीला आहेत त्यांनी आजच त्यांना स्वतःच्या स्टोरीवर एक पोल टाकायला लावा. दोन मैत्रिणींनी उत्तर दिलं की बोट वर सरकवून त्यांना स्वतःच यादी बघू द्या.