‘शनिवारी रात्री १२ वाजता सिस्टीम बंद राहील’

अंबडच्या एखाद्या कारखान्यात बिलं-साठा सांभाळणाऱ्या ईआरपी सॉफ्टवेअरच्या अपग्रेडची नोटीस लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? मग वेळ न चुकता ‘शनिवारी रात्री १२ वाजता’ अशीच टाका. शुक्रवार संपताना की शनिवार संपताना, हे ज्याचं त्यानं ठरवावं. निम्मे लोक एक दिवस आधीच कामं उरकून बसतील, उरलेल्यांच्या एन्ट्र्या ऐन वेळी अर्धवट उडतील. ‘रविवारी पहाटे ००:३० ते ०४:३०’ असं तारखेसह लिहिलंत, तर तिसऱ्या पाळीलाही कळेल. मग तुम्हाला फोन कोण करणार?

किती वेळ, तर ‘साधारण एक तास’. अपग्रेडला तेवढाच लागतो, खोटं काहीच नाही. आधीच्या बॅकअपचा दीड तास, नंतरच्या तपासणीचा अर्धा आणि फसलंच तर जुनं परत बसवायचा एक, हे घरचं गणित चारचौघांत कशाला मांडायचं?

परिणामाच्या रकान्यात ‘काही सेवांवर परिणाम होऊ शकतो’ एवढंच पुरे. ‘बिल निघणार नाही’ असे अभद्र शब्द नकोत. ते दोन वाजता आपोआप कळतं. चाकणला जाणारी गाडी भरून गेटवर उभी असते, ड्रायव्हर कागद मागतो आणि डिस्पॅचवाला तुमची नोटीस पुन्हा वाचतो. तिथे पर्याय दिलेला असतो: ‘मॅन्युअल पद्धतीने काम करावे.’

तो बिचारा ड्रॉवरमधून बिलबुक काढतो. पण उलाढाल पाच कोटींच्या वर असेल, तर दुसऱ्या व्यावसायिकाला पाठवलेलं बिल सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर मिळणाऱ्या आयआरएन क्रमांकाशिवाय बिलच धरलं जात नाही, अक्षर कितीही सुवाच्य असो. मग कुणाला तरी आठवतं की सरकारी पोर्टल आपल्या सर्व्हरवर चालत नाही, ते सुरूच आहे. लॉगिन होतं, ओटीपीही जातो. अकाउंट्सच्या साहेबांच्या मोबाईलवर. साहेब गंगापूर रोडला गाढ झोपलेले.

काही नतद्रष्ट लोक संध्याकाळीच डिस्पॅचकडून रात्रीच्या गाड्यांची यादी घेतात. माल मोजून बाजूला काढला असेल, तर दहाच्या आत बिल आणि आयआरएन करून टाकतात, मालासोबत रस्त्यावर लागणाऱ्या ई-वे बिलाचा भाग ‘अ’ही भरून ठेवतात. गाडी लागली की पोर्टलवर भाग ‘ब’मध्ये तिचा नंबर टाकायचा, ई-वे बिलाची मुदत तिथून सुरू होते, त्यामुळे गाडीला उशीर झाला तरी बिघडत नाही. रात्रपाळीच्या माणसाला त्याच्याच मोबाईलवर पोर्टलचं वेगळं सब-युजर लॉगिन काढून दिलेलं असतं. एवढं करूनही भरताना पाचशेऐवजी चारशेऐंशी नग निघाले, तर ई-वे बिल आणि आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करून सगळं नव्यानं करावं लागतं. म्हणून ही मंडळी नग आधी मोजतात. तुम्ही या भानगडीत पडू नका.

अगदीच राहवत नसेल, तर या पायऱ्यांची छान फाईल करा, शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि नोटिशीत तिची लिंक द्या. फक्त एक कराल: तो फोल्डर रविवारी बंद होणाऱ्या सर्व्हरवरच असू द्या. प्रिंट काढून गेट केबिनमध्ये चिकटवलीत, तर कागद वाया जाईल.