लग्नाचे जेवण कोमट कसे करावे

यजमान महोदय, मे महिन्यात फोंड्याच्या सभागृहात भर दुपारचा मुहूर्त धरला आहे, तेव्हा जेवण कोमट करण्याच्या काही खात्रीच्या युक्त्या सांगतो.

पहिली युक्ती म्हणजे व्हिडिओवाल्याच्या सोयीसाठी सर्व चेफिंग डिश मुहूर्ताआधीच झाकणे काढून मांडायला लावाव्यात.

दुसरी, पाहुण्यांना घाम येऊ नये म्हणून मोठे पंखे थेट जेवणाच्या टेबलाकडे वळवावेत, म्हणजे खालच्या जेलच्या ज्योती विझल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी युक्ती गेल्याच आठवड्यात एका यजमानांकडून शिकलो. मुहूर्त टळून गेला, त्यानंतर सत्कार आणि फोटो झाले, आणि पाटवड्यांसारखी माणसे रांगेत चिकटून उभी असताना मी टोणकाच्या मधोमध थर्मामीटर खुपसला, तर काटा ४८ अंशांवर होता. यजमानांनी बोट बुडवून पाहिले आणि म्हणाले, "गरम तर आहे!" अहो, शरीराचे तापमान ३७ अंश असते, मग ४८ अंश बोटाला गरम लागणारच. गरम वाढायचे पदार्थ ६० अंशांच्या वर राहावे लागतात, कारण कडधान्यांच्या दाट रश्शात शिजूनही टिकणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते चाळिशीच्या आसपासच्या उबेत झपाट्याने वाढतात. तसल्याच एका जिवाणूने भातात सोडलेले विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. ते टोणक किती वेळ तसे पडून होते हे कोणालाच सांगता येईना, म्हणून मी ते टाकायला काढले, तर "अन्नाची नासाडी करता?" असे मलाच ऐकवले गेले!

चौथी, डिश अर्धी रिकामी झाली की त्याच शिळवट रश्शावर नवा रस्सा ओतायला सांगावे.

आता उपरोध पुरे. चेफिंग डिश पदार्थ तापवत नाही, फक्त तापलेला पदार्थ तसाच ठेवते, आणि तेही खालच्या भांड्यात सुरुवातीपासून कढत पाणी असेल तरच. म्हणून खतखते आणि टोणक मोठ्या टोपांत, झाकण लावून, मागे मंद गॅसवर राहील. मधूनमधून तळापासून ढवळले जाईल आणि पुढे थोडे थोडे येईल. डिश संपली की ती उचलून दुसरी भरलेली ठेवली जाईल. भात एकदम शिजवणार नाही, पंगती पाहून शिजवीन. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर मधोमध आणि कडेला लावला जाईल, आणि ६० च्या खाली उतरू लागलेला पदार्थ लगेच गॅसवर ७५ अंशांपर्यंत तापवला जाईल. किती वेळ थंड होता हे ठाऊक नसेल, तर तो टाकला जाईल.

तुम्ही फक्त पंखे दुसरीकडे वळवा, झाकणांना हात लावू नका आणि सत्कार जेवणानंतर ठेवा. एवढेही जमत नसेल, तर दुसरा कॅटरर पाहा. मी आगाऊ रक्कम परत करीन.