हातात न आलेले बहात्तर हजार

गेल्या आठवड्यात एका निधीदात्या संस्थेच्या वित्त अधिकारी बाईंनी, आमच्याच कार्यालयात आणि आमचाच चहा पीत, माझ्यावर ७२,००० रुपये गहाळ केल्याचा संशय घेतला. त्यांनी ‘अपहार’ हा शब्द उच्चारला नाही, हे त्यांच्या सौजन्याचे लक्षण मानावे लागेल. त्या एवढेच म्हणाल्या, “ही रक्कम कुठे दिसत नाही हो.” वीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून जे वाटते, ते मी येथे लिहिणार नाही. मात्र ते अजून ओसरलेले नाही, हे वाचकांना पुढे कळेलच.

प्रकरण साधे होते. आमच्या जलसंधारण प्रकल्पात एक सल्लागार अभियंता आहेत. त्यांचे शुल्क दरमहा ६०,००० रुपये. अंदाजपत्रकातील ‘सल्लागार शुल्क’ या ओळीत वर्षाला ७,२०,००० रुपये मंजूर होते आणि २०२५-२६ च्या खर्चविवरणात मी तेवढेच दाखवले होते. व्यावसायिक शुल्कावर दहा टक्के कर मुळातून कापावा लागतो, म्हणून महोदयांच्या खात्यात दरमहा ५४,००० जात आणि उरलेले ६,००० त्यांच्या पॅनवर सरकारजमा होत. बाईंनी प्रकल्पाच्या बँकेचे विवरणपत्र उघडले, पेन्सिलीने बारा वेळा ५४,००० वर खूण केली, बेरीज ६,४८,००० आली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी शांतपणे सांगितले की, कापलेला कर हा काही वेगळा खर्च नसतो, तो शुल्काचाच एक भाग असतो. प्रकल्पाने सल्लागाराचे साठ हजारांचे काम घेतले, साठ हजारांचे बिल स्वीकारले, म्हणून खर्च साठ हजारच. त्यातले चोपन्न त्यांना दिले आणि सहा त्यांच्या वतीने सरकारला दिले. सहा हजारांच्या बाबतीत आपण फक्त हमाल आहोत. खतावणीत त्या दिवशी सल्लागार शुल्क ६०,००० नावे पडते, आणि जमेला बँक ५४,००० व ‘देय टीडीएस’ ६,००० येतात. पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत चलन भरले की ते देणे मिटते. त्या भरण्याची नोंद पुन्हा खर्चात करायची नसते. ती केली तर खर्च ६६,००० दिसू लागतो. आमच्या पूर्वीच्या साहाय्यकाने हा पराक्रम सलग तीन महिने केला होता आणि वर ‘कर भरला तो खर्च नाही तर काय उत्पन्न आहे?’ असा प्रश्नही मलाच विचारला होता.

बाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. एवढ्यात दार लोटून खुद्द सल्लागार महोदय आत आले. ते बंधाऱ्याचा एक नकाशा द्यायला आले होते. माझा पुरावा स्वतःच्या पायांनी चालत आला, या आनंदात मी त्यांना बसवून घेतले. माणसाने एवढा आनंद कधी करू नये.

“साहेब, आपले शुल्क किती?” मी विचारले.

“चोपन्न हजार,” महोदय म्हणाले.

मी हसून म्हणालो, “करारातले विचारतो आहे.”

“करारात काय, काहीही लिहितात.” असे म्हणून त्यांनी पिशवीतून पासबुक काढले आणि ते माझ्यापुढे न ठेवता बाईंच्या पुढे ठेवले. “हे पाहा. चोपन्न. चोपन्न. चोपन्न. साठ हजार मी या डोळ्यांनी पाहिलेले नाहीत.”

“पण उरलेले सहा हजार आम्ही तुमच्या नावावर भरले आहेत ना?”

“नावावर आहेत, हातात नाहीत. नावावर तर माझी गावी दोन एकर जमीनही आहे. ती गेली तीस वर्षे चुलतभाऊ कसतो.”

बाईंनी हे लिहून घेतले. जमिनीचे नव्हे, चोपन्नाचे.

“साहेब, तुमचे प्रत्येक बिल साठ हजारांचे आहे. खाली तुमची सही आहे.”

“बिल साठाचे दिले, कारण तुम्ही सांगितलेत. पावती मात्र मी चोपन्नाचीच दिली आहे. जे मिळाले नाही त्याची पावती देणे माझ्या स्वभावात नाही.”

दुर्दैवाने हे खरे होते. महोदयांनी बाराही पावत्यांवरचा ६०,००० चा आकडा खोडून, वर ५४,००० लिहून, शेजारी दर वेळी लफ्फेदार सही केली होती. मी त्या वेळी दुर्लक्ष केले, ही माझी चूक. पावतीवर ‘एकूण शुल्क ६०,०००, वजा मुळातून कर ६,०००, निव्वळ ५४,०००’ अशा तीन ओळी छापल्या असत्या, तर त्यांच्या सत्यनिष्ठेलाही जागा मिळाली असती आणि माझ्या हिशेबालाही.

शेवटचा बाण म्हणून मी म्हणालो, “आणि गेल्या वर्षी आम्ही कापलेल्या कराचा परतावा आपल्याला आला, व्याजासकट आला, हे आपणच पेढे देताना सांगितले होते. आपले शुल्क चोपन्नच होते, तर परतावा कशाचा आला?”

महोदय क्षणभर थांबले. मग अत्यंत दयार्द्र सुरात म्हणाले, “तो माझा आणि आयकर खात्याचा खाजगी मामला आहे.” आणि त्यांनी चहा मागवला.

वास्तविक हाच माणूस करार करताना माझ्याशी ‘हातात साठ हवेत’ म्हणून दोन तास भांडला होता. ते मान्य केले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी तेव्हा कागदावर मांडून दाखवला होता. पुष्कळांना वाटते, साठावर दहा टक्के चढवून ६६,००० केले की झाले. पण ६६,००० मधून दहा टक्के कापले की हातात ५९,४०० राहतात आणि उरलेल्या सहाशे रुपयांसाठी महोदय जन्मभर बोलत राहिले असते. हातात साठ हवे असतील तर साठाला ०.९० ने भागावे लागते. उत्तर येते ६६,६६७. मग शुल्कच ६६,६६७ ठरते, बिल तेवढ्याचे लागते, खर्चाच्या ओळीत तेवढेच जाते आणि वर्षाला ८०,००४ रुपये जास्त लागतात. ते मंजूर अंदाजपत्रकात नव्हते. म्हणून करारात ‘कर वजा होण्यापूर्वीचे एकूण शुल्क’ हे शब्द मी हट्टाने घातले. त्या शब्दांसह करार टेबलावर पडलेला होता. त्यावर महोदयांनी कप ठेवला.

बाईंनी मग पुरावा मागितला, आणि इथे त्यांचे काही प्रमाणात बरोबर होते, हे कबूल केले पाहिजे. चलनावर ना प्रकल्पाचे नाव असते, ना सल्लागाराचे. आमच्या संस्थेचा कर कपातीचा खातेक्रमांक एकच, त्यामुळे सगळ्या प्रकल्पांचा कापलेला कर मुख्य खात्यातून एकत्र भरला जातो. एका महिन्याचे चलन ९,५०० चे होते. त्यात महोदयांचे ६,००० आणि इतर प्रकल्पांतल्या दोघांचे ३,५००. ते चलन एकटे पाहून कोणालाही काही कळणार नाही. त्यासाठी तिमाही विवरणपत्र २६क्यू मधली महोदयांच्या पॅनची नोंद आणि त्यांना दिलेला फॉर्म १६ए हे दोन कागद लागतात. तसेच प्रकल्पाच्या खात्यातून मुख्य खात्यात दरमहा ६,००० वळते केल्याच्या नोंदीही लागतात. पुष्कळ संस्था हे वळते करायचे विसरतात. मग प्रकल्पाच्या खात्यात पैसे पडून राहतात आणि निधीदाता त्यांना ‘अखर्चित शिल्लक’ म्हणून परत मागतो. मी विसरलो नव्हतो. अकरा नोंदी मी त्यांना बोट ठेवून दाखवल्या.

“बारावी?” बाई म्हणाल्या.

बारावी मार्चची. मार्चमध्ये कापलेला कर ३० एप्रिलपर्यंत भरता येतो. आम्ही तो २८ एप्रिलला भरला आणि त्याच दिवशी वळता केला. म्हणून ३१ मार्चला बँकेत ६,००० जास्त दिसत होते आणि माझ्या विवरणात ते ‘देय टीडीएस’ म्हणून खाली स्वतंत्र लिहिलेले होते. काम मार्चचे, शुल्क मार्चचे, तेव्हा खर्चही मार्चचाच. फक्त पैसे हलायचे राहिले होते. प्रकल्प ३१ मार्चलाच बंद होत असता तर मी ते चलन त्याच दिवशी भरून टाकले असते, कारण बंद प्रकल्पाचे देणे समजावून सांगण्याइतके आयुष्य माझ्याकडे उरलेले नाही.

हे सर्व झाल्यावर बाईंनी तोडगा काढला. सल्लागाराच्या ओळीत ६,४८,००० दाखवा आणि खाली ‘कर’ अशी नवी ओळ घालून ७२,००० लिहा, म्हणजे बँकेशी जुळेल. मी त्यांना त्यांच्याच कराराचे पान उघडून दिले. तेथे ‘कर, दंड व व्याज अनुज्ञेय नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. उशिरा चलन भरल्याबद्दल जे व्याज लागते त्याच्यासाठी ते कलम योग्यच आहे, ते संस्थेने आपल्या खिशातून भरावे. पण ७२,००० ‘कर’ म्हणून लिहिले की तेही याच कलमाखाली नामंजूर होणार. शिवाय सल्लागाराच्या ओळीत बरोबर दहा टक्के कमी खर्च दिसणार, आणि दहा टक्के वा अधिक फरक पडल्यास लेखी खुलासा मागण्याचे कलम त्याच्या पुढच्याच पानावर आहे. म्हणजे त्यांनी पाडलेल्या फरकाचा खुलासा मी त्यांनाच करायचा.

बाईंनी दोन्ही पाने वाचली आणि म्हणाल्या, “मग तसा खुलासा जोडा ना.” महोदय म्हणाले, “बरोबर आहे त्यांचे.”

मी विवरण बदलले नाही. ओळीत ७,२०,००० तसेच ठेवले आणि सोबत एक पानाचा जुळवणी तक्ता जोडला: सल्लागाराला दिले ६,४८,०००, ३१ मार्चपर्यंत वळता केलेला कर ६६,०००, ३१ मार्चला देय ६,०००, एकूण ७,२०,०००. महोदयांच्या पावत्या नव्याने तीन ओळींच्या करून घेतल्या. त्यासाठी मला त्यांच्या घरी जावे लागले, आणि तेथे मी त्यांच्या चुलतभावाचीही सविस्तर माहिती ऐकली.

काल बाईंचे पत्र आले. तक्ता मान्य आहे. फक्त मार्चचे ६,००० रुपये २८ एप्रिलपर्यंत प्रकल्पाच्या खात्यात पडून होते, त्यावर मिळालेले व्याज कळवावे. मी हिशेब केला. अडीच टक्क्यांनी अठ्ठावीस दिवसांचे ११ रुपये ५१ पैसे होतात. ते कळवून, कोणत्या ओळीत दाखवू, असे विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.