हमखास एका रुपयाचा फरक कसा आणावा

पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत ३१ मार्चच्या रात्री तेरीज जुळते, बँक जुळते, रोख शिल्लक जुळते आणि सभासद कर्जाला एक रुपया उरतो. जनरल खतावणीत कर्ज येणे ४८,३६,२१५. सभासदांच्या बाकी यादीची बेरीज ४८,३६,२१४. यंदाही उरला. लोकांना वाटतं हे आपोआप होतं. नाही हो, त्यासाठी वर्षभर राबावं लागतं. आपला क्लार्क रात्री दीड वाजता कार्डांवर टिका मारताना पाहायची ज्या सचिव-संचालकांना हौस आहे, त्यांनी पुढची पथ्यं पाळावीत.

सर्वात आधी, दर महिनाअखेरची बाकी यादी काढू देऊ नका. कागद वाया जातो. यादी असली की क्लार्क लबाडी करतो: आधी सप्टेंबरअखेरची यादी खतावणीशी लावून बघतो. तिथे जुळलं तर डिसेंबर बघतो. डिसेंबरला फरक दिसला की ऑक्टोबर-नोव्हेंबर. बारा महिन्यांसाठी फार तर चार तपासण्या, आणि फरक कोणत्या महिन्यात शिरला ते कळतं. मग त्या एका महिन्याच्या टिका मारल्या की दहा वाजता माणूस घरी. हे आपल्याला परवडणारं नाही. यादी वर्षातून एकदाच, ३१ मार्चला. म्हणजे २४० कर्जदार असतील तर २४० गुणिले १२, अशा २,८८० नोंदी त्याच्यासमोर येतात. बसू दे.

कपात यादी मात्र एक्सेलमध्येच करा, आणि ती अशा माणसाकडे द्या ज्याला पैसे दिसले की त्रास होतो. खरी कला इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. द.सा.द.शे. १२ म्हणजे महिन्याला एक टक्का. तीन सभासद घ्या, प्रत्येकाचा हप्ता व्याजासह ५,००० रुपये. बाकी ४१,२४० वर व्याज ४१२.४०, बाकी २६,५४० वर २६५.४०, बाकी ३१,८४० वर ३१८.४०. आता ते पैसे काढून न टाकता नुसते लपवा. वर दशांश कमी करायचं बटण असतं, ते दोनदा दाबलं की झालं. कागदावर दिसतं ४१२, २६५, ३१८. सेलच्या पोटात मात्र चाळीस-चाळीस पैसे तसेच असतात. खाली बेरीज येते ९९६.२०, आणि तिचेही पैसे लपलेले असल्यामुळे दिसते ९९६.

आता कॅल्क्युलेटर घ्या आणि दिसणारे तीन आकडे मिळवा. ९९५.

झालं काम. क्लार्क सभासदांच्या कार्डांवर दिसणारं व्याज घेतो आणि मुद्दलात जमा करतो ४,५८८, ४,७३५ आणि ४,६८२, एकूण १४,००५. जनरल खतावणीचं व्हाउचर मात्र यादीच्या तळाच्या बेरजेवरून होतं: १५,००० चा चेक, त्यात व्याज ९९६, मुद्दल १४,००४. चेक बरोबर, व्हाउचरच्या दोन्ही बाजू बरोबर, टॅली खूष, तेरीज जुळलेली. आणि खतावणीत कर्ज यादीपेक्षा एक रुपयाने जास्त. संशय आला म्हणून त्याने तो कॉलम सिलेक्ट करून खालच्या पट्टीतली बेरीज पाहिली तरी तिथेही ९९६ च दिसणार. हे सापडतं ते फक्त दिसणारे आकडे हाताने पुन्हा मिळवणाऱ्याला. म्हणून टेबलावरचा कॅल्क्युलेटरही हलवा.

चुकूनसुद्धा व्याजाच्या कॉलममध्ये हे लिहू देऊ नका (C म्हणजे बाकीचा कॉलम):

```
=ROUND(C2*12%/12,0)
```

याने आकडा नुसता दिसायला नाही, खराच पूर्ण रुपयात येतो. खालची बेरीज ९९५ च येते आणि सगळी मजा जाते.

फरकाला ९ ने भाग जातो का ते बघायचा सल्ला दर अर्ध्या तासाने देत राहा. एक रुपयाला.

फरक निम्मा करून तो आकडा शोधायलाही सांगा, म्हणजे पूर्ण रुपयांच्या कार्डांत माणूस पन्नास पैसे धुंडाळत बसेल.

३१ तारखेला संध्याकाळी सहानंतर मागच्या तारखेची दोन-तीन व्हाउचरं आणून द्यावीत. ड्रॉवरमध्ये राहिली होती म्हणावं.

आणि शेवटी, चहा पिता पिता ते ऐतिहासिक वाक्य टाकावं: "एक रुपयासाठी काय बसलायस? टाक माझ्या खिशातून!"

टाका की. कुठे टाकायचा ते पण सांगा. किरकोळ उत्पन्नात जमा केला तर रोख एकाने वाढली, उत्पन्न एकाने वाढलं आणि कर्जाचा फरक होता तिथेच आहे. कर्ज खात्यात जमा केला तर आकडे जुळले, पण पावती कोणत्या सभासदाच्या नावाने फाडायची? कोणीच भरलेला नाही तो रुपया! आणि व्याजाचं उत्पन्न एक रुपया जास्त लागलं आहे ते तसंच राहिलं. रोखीत काही कमी नव्हतंच मुळी, मग रोखीत पैसे टाकून काय होणार? बरोबर दुरुस्ती एकच: व्याज खाते नावे १, सभासद कर्ज खाते जमा १, आणि खाली कोणत्या महिन्याच्या कपात यादीतला फरक ते लिहायचं. पण त्यासाठी तो महिना सापडायला हवा. तोच तर शोधतोय ना तो!

आणि तो रुपया रुपयाच आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? एका कार्डावर ४,५१० च्या जागी ४,१५० जमा झाले असतील, तर त्या सभासदाची बाकी ३६० ने जास्त दिसते आहे. दुसऱ्या कार्डावर ३६१ रुपये व्याज चुकून मुद्दलातच जमा झालं असेल, तर त्याची बाकी ३६१ ने कमी. यादीच्या बेरजेत दिसतो फक्त एक रुपया. तुमचा रुपया खिशातून आला, सगळे घरी गेले, आणि एका सभासदाकडून ३६० जास्त मागायचे नि दुसऱ्याला ३६१ सोडून द्यायचे हे पक्कं झालं. पुढे पहिला सभासद पगाराची स्लिप घेऊन काउंटरला येतो तेव्हा शिव्या कोण खातं? तुम्ही नाही. तुम्ही सभेत हार घेत असता.

पुरे आता. क्लार्कला चिकट म्हणून हसू नका. सेल फॉरमॅट करणं आणि आकडा पूर्णांकात आणणं यातला फरक कळत नसेल तर यादीला हात लावू नका. कळत असेल आणि तरी केलं असेल, तर रात्री त्याच्याशेजारी बसा आणि कार्डावरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवा, तो टिका मारेल. व्हाउचर ज्या दिवशीचं त्याच दिवशी द्या. महिनाअखेरची यादी छापायला जितका कागद लागतो त्याहून जास्त तुमच्या सभेच्या आमंत्रणांना लागतो.

आणि हो, खतावणीतलं 'राउंड ऑफ' खातं एकदा उघडा. मागच्या वर्षीच्या ३१ मार्चला तिथे एक रुपयाची एंट्री आहे, तपशिलाच्या जागी नुसतं 'साहेबांच्या सांगण्यावरून' लिहिलेलं. ती कशाची होती, ते उद्या सकाळी येऊन तुम्हीच शोधा.